शाळेला द्यायचं पत्र: इमर्जन्सी नंबर बदलायचे आणि मुलाला कोण नेणार ते लिहून द्यायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

घर बदललं, नोकरी बदलली, नवीन सिम घेतलं, आजी-आजोबा राहायला आले, व्हॅनवाले काका बदलले, यातलं काहीही झालं की शाळेला एक पत्र द्यावं लागतं. बरेच जण टीचरना व्हॉट्सअ‍ॅपवर "मॅडम नंबर चेंज झालाय" असं टाकतात आणि विसरून जातात. पण मुलीला ताप आला की फोन करतात ऑफिसातले क्लार्क, आणि सुटल्यावर कोणाच्या हाती द्यायचं ते बघतात गेटवरचे वॉचमन काका नाहीतर मावशी, आणि या दोघांपैकी कोणीच तुमचा तो मेसेज वाचलेला नसतो. म्हणून पत्र लिहिताना हे दोन वाचक डोळ्यासमोर ठेवायचे. मुख्याध्यापिकांचं नाव वर असतं, पण पत्र वापरणारी माणसं ही दोघं.

माझी मुलगी पुण्यात दुसरीत आहे. शिफ्टिंगनंतर आम्ही हे सगळं केलं, आणि पालक-शिक्षक संघात असल्यामुळे दुसऱ्यांचीही बरीच पत्रं बघितली, त्यावरून लिहितेय. प्रत्येक शाळेचा फॉर्म थोडा वेगळा असतो. तुमच्या शाळेत छापील फॉर्म असेल तर तो भराच, पण सोबत हे पत्रही जोडा, कारण फॉर्ममध्ये दोन नंबरांपुरतीच जागा असते आणि जुनं काय रद्द करायचं ते लिहायला रकानाच नसतो.

आधी हे जमवून ठेवा

- मुलाचा जनरल रजिस्टर नंबर. फीच्या पावतीवर किंवा रिझल्टवर असतो. रोल नंबर दरवर्षी बदलतो, हा बदलत नाही, आणि एका इयत्तेत एकाच नावाची दोन मुलं असणं काही नवीन नाही.
- नेणाऱ्या प्रत्येकाचे दोन पासपोर्ट साइज फोटो. अलीकडचे पाहिजेत, आजोबांचा रिटायरमेंटच्या वेळचा चालत नाही.
- नेणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स.
- शाळेने आधी दिलेलं जुनं एस्कॉर्ट कार्ड किंवा पालक ओळखपत्र, परत करायला.
- आई आणि बाबा दोघांच्या सह्या.
- पत्राच्या दोन प्रती. एक शाळेला, एक पोच घ्यायला.

## १. दोन याद्या करा, एक नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फोन कोणाला करायचा ही एक यादी आणि मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं ही दुसरी यादी, या दोन्हीत नावं सारखीच असतील असं नाही. पत्रात सरसकट "संपर्क व्यक्ती" म्हणून पाच नावं लिहिली तर क्लार्कला वाटतं पाचही जण मूल नेऊ शकतात. मग नाशिकचा मामा, ज्याचं नाव फक्त "आम्ही दोघं लागलो नाही तर याला कळवा" म्हणून दिलेलं असतं, तोही नेणाऱ्यांत जाऊन बसतो.

आमच्यासारखं एक घर घेऊ. घर आणि शाळा दोन्ही कर्वेनगरात, शाळा ९ ते २.३०, आई हिंजवडीत नोकरीला, बाबा चाकणला, आईचे आई-वडील चालत दहा मिनिटांवर. आता साडेअकराला मुलीला उलटी झाली तर पहिला फोन कोणाला? आपल्याकडे सवयीने "वडील" पहिले लिहितात, पण चाकणहून बाबा यायला दीड-दोन तास जाणार, आणि शॉप फ्लोअरवर मोबाइल लॉकरमध्ये. म्हणून क्रम असा लागतो:

फोन: १. आई २. आजी ३. बाबा ४. मामा (फक्त कळवण्यासाठी)
ताबा: १. आई २. बाबा ३. आजी ४. आजोबा ५. रोजच्या व्हॅनचे चालक (फक्त शाळा सुटल्यावर)

बघा, मामा पहिल्या यादीत आहे, दुसऱ्या यादीत नाही. व्हॅनवाले काका दुसऱ्या यादीत आहेत आणि तेही अटीसकट, कारण मधल्या सुट्टीत मूल आजारी पडलं म्हणून व्हॅनवाल्यांबरोबर पाठवून दिलं असं व्हायला नको. आजोबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ते फोनच्या यादीत नाहीत, पण व्हॅन नसेल त्या दिवशी मुलीला आणायला जातात तेच. अशा बारक्या गोष्टी तुम्हालाच माहीत असतात, शाळेला नसतात, त्या क्रमातून दिसल्या पाहिजेत.

फोनच्या यादीत शाळेपासून चालत येऊ शकेल असा निदान एक जण हवाच. २६ जुलै २००५ ला मुंबईत कितीतरी मुलं रात्रभर शाळेत अडकली होती, आणि पुण्यातही पावसाळ्यात सिंहगड रोडला पाणी आलं की हिंजवडीहून निघालेला माणूस कधी पोचेल याचा काही नेम नसतो. नातेवाईक जवळ नसतील तर खालच्या मजल्यावरच्या काकू चालतात, फक्त त्यांना आधी विचारा. नाव टाकून मोकळे होऊ नका. काकूंना शाळेतून फोन आला आणि त्या "मला काही माहीत नाही हो" म्हणाल्या, तर ते नाव असून नसल्यासारखं.

मोठा भाऊ-बहीण त्याच शाळेत असेल तर ते विचारून घ्या. अठरा पूर्ण नसलेल्याच्या हाती लहान मुलं द्यायला बहुतेक शाळा नाही म्हणतात, नववीतला दादा कितीही जबाबदार असला तरी.

## २. नंबर लिहायच्या आधी लावून बघा

यादीतला प्रत्येक नंबर दुसऱ्या फोनवरून लावून बघा, त्या माणसाचा सेव्ह केलेला नंबर पाठ आहे म्हणून लिहू नका. ज्येष्ठांच्या प्रीपेड नंबरचा एक खास प्रॉब्लेम आहे: वापर कमी म्हणून रिचार्ज राहून जातो, व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग बंद होतं आणि काही दिवसांनी इनकमिंगही. घरात वायफाय असल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहतं, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही की या फोनवर साधा कॉल लागत नाहीये. शाळा व्हॉट्सअ‍ॅप कॉल करत नाही, साधाच करते.

दुसरं म्हणजे शाळेचे फोन लँडलाइनवरून येतात. ०२० ने सुरू होणारा अनोळखी नंबर दिसला की लोक लोनवाले समजून कट करतात. म्हणून शाळेचे सगळे नंबर, ऑफिसचा, सिक रूमचा असेल तर तो, टीचरचा, हे यादीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये "शाळा" नावाने सेव्ह करून द्या. अनोळखी नंबर आपोआप सायलेंट करायचं सेटिंग किंवा स्पॅम ब्लॉक करणारं अ‍ॅप असेल तर तेही बघा. मीटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्ब लावत असाल तर शाळेचे नंबर त्यातून वगळा, जवळपास सगळ्या फोनमध्ये ती सोय असते.

## ३. ओळखपत्राची झेरॉक्स देताना

शाळा आधारची झेरॉक्स मागते. पूर्ण आधार नंबर द्यायची गरज नसते. `myaadhaar.uidai.gov.in` वर लॉगिन करून आधार डाउनलोड करताना मास्क्ड आधारचा पर्याय येतो, त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा आजोबांचा फोन हाताशी घेऊन बसा. लायसन्स किंवा मतदार ओळखपत्रही चालतं, शाळेला फक्त फोटो आणि नाव जुळवायचं असतं.

झेरॉक्सवर पेनने आडवं लिहा: "फक्त (शाळेचं नाव) येथे विद्यार्थिनीस नेण्याच्या परवानगीसाठी", खाली तारीख आणि ज्याचं ओळखपत्र त्याची सही. फोटोवर रेघ जाऊ देऊ नका, नाहीतर गेटवर चेहरा कसा जुळवणार. व्हॅनवाल्या काकांकडूनही ओळखपत्र घ्या, ते आढेवेढे घेतात कधीकधी, पण घ्याच.

आणि पत्रातलं नाव ओळखपत्रातल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. घरात सगळे ज्यांना "नाना" म्हणतात त्यांचं पत्रात पूर्ण नाव पाहिजे, आजीचं लग्नाआधीचं नाव आधारवर असेल तर पत्रातही तेच.

## ४. पत्र लिहा

एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. शिफ्टिंग का केलं, नोकरी कशी बदलली हे काही नको. खालचा नमुना घ्या आणि रिकाम्या जागा भरा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सुद्धा मराठी पत्र घेतात, पण ऑफिसातल्या कोणाला मराठी वाचता येत नसेल तर दोन्ही भाषांत द्या, कारण गेटवरच्या काकांना मराठीच बरं पडतं.

> दिनांक: ____
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> ____ शाळा, कर्वेनगर, पुणे
>
> विषय: कु. ____ (इयत्ता २ री, तुकडी ब, जनरल रजिस्टर क्र. ____) हिचे आपत्कालीन संपर्क क्रमांक बदलणे व तिला शाळेतून नेण्यास अधिकृत व्यक्तींची नोंद करणे.
>
> महोदया,
>
> आमचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक बदलले आहेत. दि. ____ पासून खालील माहिती ग्राह्य धरावी. याआधी आम्ही दिलेले सर्व संपर्क क्रमांक व मुलीला नेण्यास दिलेल्या सर्व परवानग्या या पत्राने रद्द समजाव्यात.
>
> नवीन पत्ता: ____
>
> अ) फोन करण्याचा क्रम
> १. आई: (पूर्ण नाव), मोबाइल ____, ऑफिस ____
> २. आजी (आईची आई): ____, मोबाइल ____, घर शाळेपासून चालत १० मिनिटे
> ३. वडील: ____, मोबाइल ____, मोबाइल न लागल्यास कंपनी ____
> ४. मामा: ____, मोबाइल ____, फक्त कळवण्यासाठी, मुलीला नेण्याची परवानगी नाही
>
> ब) मुलीला नेण्यास अधिकृत व्यक्ती
> १. आई २. वडील ३. आजी: ____ ४. आजोबा: ____
> ५. व्हॅनचालक: ____, वाहन क्र. ____, फक्त शाळा सुटल्यावर नेहमीच्या वेळी
> क्र. ३, ४ व ५ यांचे फोटो व ओळखपत्राच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
>
> यादीबाहेरील कोणासही, आमचा फोन आला असे सांगितले तरी, शाळेने वर दिलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय मुलीला देऊ नये.
>
> क) वैद्यकीय माहिती
> रक्तगट ____. ॲलर्जी: ____. नेहमीचे डॉक्टर: ____, फोन ____. आमच्यापैकी कोणाशीही संपर्क न झाल्यास जवळच्या रुग्णालयात नेऊन तातडीचे उपचार सुरू करण्यास आमची संमती आहे.
>
> आपले विश्वासू,
> (आईची सही व नाव)  (वडिलांची सही व नाव)

जुन्या परवानग्या रद्द करायचं वाक्य गाळू नका. नवीन नावं दिली की जुनी आपोआप जातील असं आपण धरून चालतो, पण ऑफिसात जुन्या कागदावर नवीन कागद टाचला जातो आणि दोन्ही याद्या चालू राहतात. म्हणजे गेल्या वर्षी पाळणाघरातल्या ज्या ताई आणायच्या, त्यांचं काम सुटून सहा महिने झाले तरी शाळेच्या लेखी त्या अजून मूल नेऊ शकतात. एखाद्या माणसाला ठरवूनच काढायचं असेल, भांडण झालंय वगैरे, तर त्याचं नाव घेऊन स्वतंत्र ओळ लिहा: "श्री. ____ यांना दिलेली परवानगी दि. ____ पासून रद्द." कारण सांगायची गरज नाही.

"यादीबाहेरील कोणासही" हे वाक्य पण तितकंच महत्त्वाचं. "मी तिचा काका, तिच्या बाबांनी पाठवलंय, हे घ्या त्यांच्याशी बोला" असं म्हणून कोणी स्वतःचाच फोन वॉचमन काकांच्या हातात दिला तर पलीकडे कोण आहे ते कसं कळणार. शाळेने आपल्या रेकॉर्डमधल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा, हाच एक खात्रीचा मार्ग आहे. अर्थात रेकॉर्डमधला नंबर जुना असेल तर हाही गेला.

वैद्यकीय भाग छोटाच ठेवा. मुलाला दमा असेल तर पंप दप्तरात कुठल्या कप्प्यात असतो हे लिहा, ते जास्त कामाचं.

## ५. पत्र द्या आणि पोच घ्या

पत्र ऑफिसात द्या, मुलाच्या दप्तरातून पाठवू नका. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही घ्या, आवक क्रमांक देत असतील तर तोही. क्लार्क म्हणतील "ठेवून जा, करतो," तेव्हा तिथेच थांबून शिक्का मागा, वाईट वाटून घेत नाहीत ते. सकाळी शाळा भरताना किंवा सुटताना जाऊ नका, तेव्हा ऑफिसात झुंबड असते, अकराच्या सुमारास बरं पडतं. ईमेलने पत्र देत असाल तर सही केलेलं स्कॅन जोडा आणि "नोंद झाल्याचं कळवा" असं लिहा, उत्तर आलं की ती तुमची पोच.

आता खरी मेख. एका शाळेत तुमचा नंबर एका जागी नसतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये असतो, फी आणि नोटिशीच्या अ‍ॅपमध्ये असतो, टीचरच्या वहीत असतो, मुलाच्या डायरीच्या पहिल्या पानावर असतो, आयकार्डच्या मागे छापलेला असतो, आणि व्हॅनवाल्यांच्या फोनमध्ये असतो. ऑफिसने कॉम्प्युटरमध्ये बदलला तरी बाकीचे तसेच राहतात. म्हणून एका फेरीत हे करून टाका: अ‍ॅपमधला नंबर स्वतः बदला किंवा बदलायची रिक्वेस्ट टाका, टीचरना पत्राचा फोटो पाठवा, डायरीचं पान खोडून नव्याने लिहा आणि खाली सही करा, आयकार्ड नवीन येईपर्यंत मागच्या जुन्या नंबरवर नवीन नंबराची चिठ्ठी चिकटवून वर सेलोटेप. सहलीच्या दिवशी मुलाजवळ फक्त ते आयकार्ड असतं.

गेटवर ब यादीचा फोटोसकट कागद पोचला का ते ऑफिसला विचारा. काही शाळा नवीन एस्कॉर्ट कार्ड देतात, ते मिळायला आठवडा-पंधरा दिवस जातात, तर "तोपर्यंत काय?" हे आधीच विचारून घ्या, नाहीतर आजोबा उन्हात गेटबाहेर उभे आणि आत कोणी सोडत नाही. जुनं कार्ड परत द्या. हरवलं असेल तर तसं लिहून द्या, कारण ते कोणाच्याही हाती लागू शकतं आणि कार्ड दाखवलं की वॉचमन काका चेहरा बघतीलच असं नाही.

## ६. व्हॅन असेल तर

परवानगी व्हॅनला नाही, चालकाला असते. खासगी व्हॅनवाले गावी गेले की भाच्याला पाठवतात, आणि त्या दिवशी आठ मुलं एका अनोळखी माणसाबरोबर जातात कारण गाडी ओळखीची असते. काकांना स्पष्ट सांगा की बदली माणूस येणार असेल तर आदल्या दिवशी त्याचं नाव, फोटो आणि ओळखपत्र पालकांच्या ग्रुपवर टाका, आणि प्रत्येक पालकाने शाळेला कळवायचं. काका ऐकत नसतील तर सगळ्यांनी मिळून सांगा, एकट्याचं ऐकत नाहीत. घराजवळ उतरवून घ्यायला कोणी नसेल तर मुलाला सोसायटीच्या गेटवर सोडून जायचं नाही, हेही आधीच ठरवून घ्या.

रिक्षा किंवा कॅब बुक करून मुलाला एकटं पाठवायची परवानगी पत्रात मागू नका, ड्रायव्हर दर वेळी वेगळा असतो आणि शाळा नाहीच म्हणेल.

## ७. एकाच दिवसापुरता बदल

आत्या गावाहून आलीये आणि आज तीच आणायला जाणार, असं असेल तर सगळं पत्र पुन्हा लिहायला नको. सकाळी डायरीत लिहा: "आज दि. ____ रोजी कु. ____ हिला तिची आत्या (पूर्ण नाव, मोबाइल) नेतील. फक्त आजच्यापुरते." खाली सही. डायरीचा फोटो टीचरना आणि ऑफिसला पाठवा, आत्याला ओळखपत्र घेऊन जायला सांगा. "फक्त आजच्यापुरते" लिहिलं नाही तर पुढच्या महिन्यात आत्या पुन्हा गेली की "त्या आधी आल्या होत्या" म्हणून मूल देऊन टाकतात. चार-पाच दिवसांसाठी असेल तर दोन्ही तारखा लिहा, पासून आणि पर्यंत.

मुलाशी घरात एक शब्द ठरवून ठेवा, जो फक्त घरच्यांना माहीत. अनोळखी किंवा क्वचित दिसणारा माणूस न्यायला आला तर मुलाने तो शब्द विचारायचा, सांगता आला नाही तर टीचरकडे परत जायचं. दुसरीतल्या मुलांना हे छान जमतं, त्यांना त्यात मजा वाटते. लाडक्या मांजराचं नाव ठेवू नका, ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं.

## ८. आई-बाबा वेगळे राहत असतील तर

इथे नुसतं पत्र पुरत नाही. आईने लिहून दिलं की "वडिलांना देऊ नका" किंवा उलट, तरी कोर्टाचा आदेश नसेल तर शाळा अडचणीत येते, कारण तिच्या लेखी दोघंही पालक आहेत आणि एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला अडवायचा अधिकार शाळेला नसतो. फॅमिली कोर्टाचा ताब्याचा आदेश असेल, अंतरिम असला तरी, त्याची सर्टिफाइड कॉपी जोडा आणि ताबा कोणाकडे, भेटीचे वार कोणते, तो परिच्छेद खुणेने दाखवा, पूर्ण आदेश वाचायला ऑफिसात कोणाला वेळ नसतो. अंतरिम आदेश पुढच्या तारखेपर्यंतच असेल तर तारीख झाली की नवीन कॉपी द्या. आदेश अजून नसेल तर वकिलांना विचारून अर्ज करा, आणि मुख्याध्यापिकांना प्रत्यक्ष भेटून परिस्थिती सांगा. असं पत्र टीचरच्या ग्रुपवर किंवा डायरीत मुळीच नको, मुलाच्या हातात पडतं.

## ९. झालं का ते तपासा

पत्र दिल्यावर आठवड्याभराने ऑफिसला विनंती करा की रेकॉर्डमध्ये बघून पहिल्या नंबरला एक मिस्ड कॉल द्या. मिस्ड कॉल आला नाही तर नंबर बदललेला नाही, इतकं सोपं. एखाद्या दिवशी आजोबांनाच आणायला पाठवा आणि गेटवर ओळखपत्र मागतात का बघायला सांगा. न विचारताच मुलगी दिली तर कार्ड असो नसो, यादी गेटवर पोचलेली नाही, ऑफिसात जाऊन विचारा.

जूनमध्ये नवीन वर्ग सुरू झाला की टीचर बदलतात, वही बदलते, डायरी नवी येते, कधी गेटवरची माणसंही बदलतात. पत्राचा एक फोटो फोनमध्ये ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात नवीन टीचरना पाठवून द्या, शिक्क्यासकट.